शुद्ध तंबाखूतलं विष येतं कुठून?

"गुटखा बंद करा, पण साध्या तंबाखूच्या मागे का लागता?" महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी झाली तेव्हापासून हा प्रश्न विचारला जातोय. विचारणाऱ्याच्या मनातला हिशेब सरळ असतो. गुटख्यात कारखान्यात काहीबाही घालतात, सुगंध घालतात, रसायनं घालतात. तंबाखू मात्र पान आहे. शेतात येतं, उन्हात वाळतं, चुना लावून मळलं की झालं. दुसऱ्या बाजूचे लोक याला उत्तर म्हणून यादी वाचून दाखवतात. तंबाखूत बॅटरीतलं कॅडमियम असतं, रशियन गुप्तहेराला ज्याने मारलं ते पोलोनियम असतं, शिवाय हजारो रसायनं असतात. यादी ऐकणारा क्षणभर दचकतो आणि पुढच्या क्षणी म्हणतो, "म्हणजे कंपन्या हे सगळं घालतात तर! मी तर सुट्टी पानाची तंबाखू खातो." यादी देणाऱ्याने समोरच्याचाच समज पक्का केलेला असतो.

हा वाद दोन्हीकडून चुकीच्या कसोटीवर चालला आहे. विष कोणी मिसळलं, ही ती कसोटी. मला म्हणायचं आहे ते असं: कॅडमियम, पोलोनियम आणि नायट्रोसामाइन्स नावाची कर्करोगकारक द्रव्यं यांपैकी काहीही तंबाखूत कोणी घालत नाही. कॅडमियम जमिनीतून मुळावाटे चढतं. पोलोनियम खतातून आणि हवेतून येतं. नायट्रोसामाइन्स पान तोडल्यानंतर, सुकवताना आणि आंबवताना तयार होतात. म्हणजे पहिल्या दोन्हींचा उगम शेतात आहे, तर तिसऱ्याचा माणसाच्या हाताखाली. तीन वेगळ्या उगमांना एकच उपाय लागू पडत नाही. आपल्याकडे तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त असल्यामुळे यातलं तिसरं आपल्यासाठी सर्वांत घातक आहे, आणि कमी करता येण्याजोगंही तेच आहे. तरीही त्याचा आकडा पुडीवर नसतो आणि वादातही नसतो.

आधी साध्या तंबाखूवाल्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू. गुटख्यात बाहेरून घातलेलं असतं आणि ते घातक असतं, यात शंका नाही. त्यातली सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्यांच्या गटात. त्यामुळे बंदी योग्यच होती. पण गुटख्यातून सुपारी आणि सुगंध वजा केल्यावर जे उरतं ते निर्दोष, हा निष्कर्ष कुठून आला? अमेरिकेत हाच डाव सिगारेटवर खेळून झाला आहे. 'नॅचरल अमेरिकन स्पिरिट' नावाची सिगारेट 'कुठलंही मिश्रण नाही' असं सांगून विकली जायची. २००० साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरातीत एक वाक्य सक्तीचं केलं. आमच्या तंबाखूत मिश्रणं नाहीत याचा अर्थ ही सिगारेट अधिक सुरक्षित आहे असा नाही, अशा आशयाचं. आपल्याकडे हे वाक्य कुठल्या पुडीवर लिहायचं? इथे 'शुद्ध' हा दावा कंपनीआधी गिऱ्हाईकच स्वतःला विकतं.

आता नायट्रोसामाइन्स. शेतात उभ्या असलेल्या हिरव्या पानात ती नगण्य असतात. पानात दोन गोष्टी मात्र असतात. एक, निकोटीन आणि त्याच्या कुळातली नॉरनिकोटीनसारखी अल्कलॉइडं. दुसरी, नत्राचं खत घातल्यामुळे साठलेलं नायट्रेट, विशेषतः पानाच्या मधल्या जाड शिरेत. पान तोडलं, ते कोमेजू लागलं, पेशी फुटल्या की पानावरचे जिवाणू त्या नायट्रेटवर बसतात आणि त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइट आणि अल्कलॉइड यांची गाठ पडली की तयार होतात तंबाखूचीच म्हणावीत अशी नायट्रोसामाइन्स. त्यांतली दोन सगळ्यांत वाईट. त्यांची रासायनिक नावं लांबलचक आहेत, म्हणून जगभर त्यांना एनएनएन आणि एनएनके म्हणतात. दोन्ही पहिल्या गटातली कर्करोगकारकं आहेत. ही दोन द्रव्यं फक्त तंबाखूत आणि तंबाखूपासून बनवलेल्या पदार्थांत सापडतात, कारण त्यांचा सांगाडाच निकोटीनच्या घराण्यातला आहे. म्हणून एखाद्याच्या लघवीत एनएनकेचा अवशेष मिळाला, तर तंबाखूशी किंवा दुसऱ्याच्या धुराशी त्याचा संबंध आला होता हे खात्रीने सांगता येतं. दुसरं कुठलं कारण देताच येत नाही.

यातला महत्त्वाचा भाग असा की प्रमाण पानावर कमी आणि पानाशी आपण काय करतो यावर जास्त अवलंबून असतं. पान दमट ठेवलं, ढीग मारून पाणी शिंपडून आंबवलं, तर जिवाणूंचं फावतं आणि नायट्राइट वाढतं. तयार माल उबदार, दमट जागी महिनोन् महिने पडून राहिला तर पुडीच्या आतही ही क्रिया सावकाश चालूच राहते. उलट, पान आंबवण्याऐवजी वाफेच्या उष्णतेने जिवाणू मारले आणि माल थंड ठेवला, तर ती जवळजवळ थांबते. स्वीडनमधल्या स्नूस नावाच्या ओल्या तंबाखूबाबत नेमकं हेच केलं गेलं. तिथल्या मोठ्या उत्पादकाने आंबवण सोडून उष्णतेची प्रक्रिया धरली, स्वतःवर मर्यादा घालून घेतली आणि नायट्रोसामाइन्सचं प्रमाण दशकांगणिक उतरत गेलं. दुसऱ्या टोकाला सुदानची तूंबाक. तिथे वेगळ्या जातीची, निकोटीनने ठासलेली तंबाखू आंबवून, सोडा घालून ओठाखाली धरतात. तिच्यात एका ग्रॅममागे शेकडो, कधी हजारो मायक्रोग्रॅम नायट्रोसामाइन्स मोजली गेली आहेत. दोन्ही 'धूर नसलेली तंबाखू' आहेत आणि दोन्हींत बाहेरचं 'केमिकल' नावापुरतं. मग शुद्धतेच्या कसोटीने यातला फरक कसा ओळखायचा?

आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहोत? भारतीय बाजारातल्या धूररहित तंबाखूचं एक मोजमाप २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात खैनी, जर्दा आणि तत्सम मालात एनएनएनचं प्रमाण ग्रॅममागे १.७४ पासून ७६.९ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने सुचवलेली मर्यादा आहे कोरड्या वजनाच्या एका ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅम, तीही एनएनएन आणि एनएनके मिळून. म्हणजे वरच्या टोकाची पुडी मर्यादेच्या अडतीस पट, एनएनकेचा हिशेब न धरता. मला या आकड्यांत अडतीस पटीपेक्षा त्यांतली तफावत जास्त बोलकी वाटते. तंबाखूचंच पान, त्याच देशात विकलेलं, आणि एका पुडीत दुसरीपेक्षा चाळीसहून जास्त पट विष. हा फरक निसर्गाने केलेला नाही. जात, खत, सुकवणी, आंबवण आणि साठवण यांनी तो केला आहे, आणि त्या सगळ्यांवर माणसाचा ताबा चालतो.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती तंबाखूची नाही, बिअरची आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हायडलबर्गच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना बिअरमध्ये एनडीएमए नावाचं नायट्रोसामाइन सापडलं. शोध घेतल्यावर उगम निघाला माल्ट सुकवण्याच्या भट्टीत. भट्टीतल्या ज्योतीचा धूर थेट धान्यावर सोडला जात होता आणि धुरातले नायट्रोजन ऑक्साइड धान्यातल्या अमाइनांशी जुळत होते. उपाय साधा होता. ज्योत आणि धान्य वेगळं करायचं, गरम हवा तेवढी आत सोडायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८० मध्ये अब्जात पाच भाग अशी मर्यादा ठरवली आणि काही वर्षांतच बिअरमधलं प्रमाण एकदम खाली आलं.

अगदी हाच प्रकार अमेरिकेतल्या व्हर्जिनिया तंबाखूच्या भट्ट्यांत चालला होता. तिथे १९७०च्या सुमारास शेतकऱ्यांनी गॅसचे बर्नर बसवले, ज्यांचा धूर थेट पानांवर जायचा. पानात निकोटीन, धुरात नायट्रोजन ऑक्साइड, रसायन तेच. तंबाखूत एनएनएन असतं हे १९७४ मध्येच छापून आलेलं होतं. बिअरची भट्टी कशी सुधारायची हे १९८० मध्ये सगळ्यांना कळलेलं होतं. तरी तंबाखूच्या भट्ट्यांना उष्णता-विनिमयक, म्हणजे धूर बाहेर ठेवून उष्णता तेवढी आत सोडणारी यंत्रणा, बसवायला १९९९ ते २००१ उजाडावं लागलं. बसवल्यावर त्या पानातली नायट्रोसामाइन्स झपाट्याने उतरली. मधली वीस वर्षं कशात गेली? शास्त्र तयार होतं, लोखंडाची नळी उपलब्ध होती, नव्हती ती फक्त कोणी घातलेली मर्यादा. बिअरला मर्यादा होती, तंबाखूला नव्हती.

आणि आपल्या घरातलं उदाहरण हवं असेल तर रॅनिटिडिन आठवा. पित्तासाठी जवळपास प्रत्येक घरात असलेली ती गोळी. २०१९ मध्ये तिच्यात बिअरमधलंच एनडीएमए सापडलं, २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढायला लावली आणि २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ती गेली. औषधांत एनडीएमएची दिवसाला चालणारी मर्यादा धरली जाते ९६ नॅनोग्रॅम, म्हणजे एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. एनडीएमए आणि एनएनएन यांची ताकद एकसारखी नाही, त्यामुळे आकड्याला आकडा भिडवणं अन्यायाचं ठरेल, मान्य. पण एकाच कुळातल्या दोन द्रव्यांपैकी एकासाठी नॅनोग्रॅम मोजायचे आणि दुसऱ्यासाठी मायक्रोग्रॅमही मोजायचे नाहीत, हा भेदभाव रसायनशास्त्राने शिकवलेला नाही.

शरीरात यांचं काय होतं तेही यादीवाले सांगत नाहीत, फक्त 'कर्करोग होतो' म्हणून थांबतात. वास्तविक एनएनके आणि एनएनएन जशीच्या तशी फारशी काही करत नाहीत. त्यांना घातक बनवतं आपलंच शरीर. यकृतात, फुप्फुसात, तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या अस्तरात सायटोक्रोम नावाची विकरं असतात, परकं द्रव्य पाण्यात विरघळेल असं करून बाहेर टाकणं हे त्यांचं काम. ती या रेणूवर एक ऑक्सिजन चढवतात. चांगल्या हेतूने केलेल्या त्या कामात रेणू मोडतो आणि त्याचा एक अतिशय चपळ तुकडा डीएनएला जाऊन चिकटतो. ग्वानिन नावाच्या अक्षराला असा तुकडा चिकटला की पेशी दुभंगताना ते अक्षर चुकीचं वाचलं जातं आणि चूक पेशींच्या पुढच्या पिढीत कायम होते. शरीराकडे हे तुकडे काढणारं दुरुस्तीचं प्रथिन आहे, पण त्याचा एक रेणू एकच तुकडा काढतो आणि त्यातच संपतो. दिवसातून एकदा तंबाखू लावणाऱ्याच्या गालात ते पुरेसं पडत असेलही. दर तासाला बार भरणाऱ्याच्या गालात ते कुठून पुरणार? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना पिण्याच्या पाण्यातून एनएनएनचा एक प्रकार दिला गेला, धूररहित तंबाखूत प्रामुख्याने आढळणारा. त्या गटातल्या सगळ्या उंदरांना तोंडात आणि अन्ननलिकेत गाठी झाल्या. गालाच्या ज्या घडीत पुडी बसते तिथेच आपल्याकडे व्रण उगवतो, याचं कोडं तिथे बरंचसं सुटतं.

कॅडमियमची कथा याहून वेगळी आणि जास्त चिवट आहे. तंबाखू हे कॅडमियम ओढण्यात फार तरबेज पीक. बहुतेक पिकं हा धातू मुळातच अडवून ठेवतात, तंबाखू तो पानात चढवते. जमीन आम्लधर्मी असेल तर आणखी सहज. जमिनीत तो मुळात थोडा असतोच, पण दर हंगामात भर घालतं फॉस्फेटचं खत, कारण गाळाच्या ज्या खडकांतून फॉस्फेट काढतात त्यांतच कॅडमियम असतं. आणि सेंद्रिय तंबाखूची गोष्ट काढणाऱ्यांसाठी इथे एक अडचण आहे. सेंद्रिय शेतीत कारखान्याचं सुपरफॉस्फेट चालत नाही, पण दळलेला रॉक फॉस्फेट चालतो. खडक तोच.

एका सिगारेटच्या तंबाखूत साधारण एक ते दोन मायक्रोग्रॅम कॅडमियम असतं. त्यातलं दहाएक टक्के ओढणाऱ्याच्या छातीत जातं आणि छातीत गेलेल्यापैकी जवळपास निम्मं रक्तात उतरतं. रोज वीस सिगारेटी धरल्या तर दिवसाला एक ते दोन मायक्रोग्रॅम रक्तात. जेवणातून आपल्या पोटात दहा-वीस मायक्रोग्रॅम जातं, पण आतडं त्यातलं पाचेक टक्केच आत घेतं, म्हणजे अर्धा ते एक मायक्रोग्रॅम. सिगारेट ओढणाऱ्याच्या मूत्रपिंडात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं ते याच गणितामुळे. आणि एकदा तिथे गेलेलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. चाळिशीत सिगारेट सोडलेला माणूस साठीतही विशीतला धूर मूत्रपिंडात वागवत असतो. मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या बिघडल्या की आधी लहान प्रथिनं लघवीत गळू लागतात, मग कॅल्शियम, मग हाडं ठिसूळ होतात. जपानच्या तोयामा भागात खाणीचं पाणी जिंझू नदीतून भातशेतीत गेलं आणि तिथल्या बायकांची हाडं खोकल्याच्या धक्क्यानेही मोडू लागली. जपान सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. तंबाखूने कोणी त्या अवस्थेला जातं असं मी म्हणत नाही. प्रमाण खूप कमी असतं. पण दिशा तीच असते.

यावर चघळणारा म्हणेल, धूरच नाही तर छातीचं गणित मला कशाला? बरोबर. गिळलेल्या तंबाखूतलं कॅडमियम आतड्यातून जातं आणि आतडं पाचच टक्के घेतं. पण हे पाच टक्के ज्यांच्या शरीरात पुरेसं लोह आहे त्यांचे. लोह कमी असलं की आतडं ते मिळवण्यासाठी वाहतुकीची दारं वाढवतं, आणि त्याच दारांतून कॅडमियमही शिरतं. अशा माणसात त्याचं शोषण दुपटीहून जास्त होऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त भारतीय बायका रक्तक्षयी निघाल्या. महाराष्ट्राच्या खेड्यांत सकाळी मिश्री लावणाऱ्या बायका कोण आहेत? बऱ्याचशा त्याच. शिवाय मिश्री भाजलेली असते, आणि भाजल्याने धातू नाहीसा होत नाही. पुरुषांच्या सिगारेटवर काढलेली गणितं या बाईला लावून तिला धीर देणं मला पटत नाही.

कॅडमियम स्वतः डीएनएला फारसं चिकटत नाही. ते जस्ताची जागा बळकावतं, आणि डीएनए दुरुस्त करणारी बरीच प्रथिनं जस्तावर उभी असतात. प्रयोगशाळेतल्या पेशींत कॅडमियमने दुरुस्ती मंदावते हे दिसलेलं आहे. नायट्रोसामाइन अक्षर बिघडवतं आणि कॅडमियम दुरुस्तीवाल्याचे हात बांधतं, असं हे जोडकाम.

पोलोनियमबद्दल मात्र मला तंबाखूविरोधी मित्रांशी भांडायचं आहे. शोध खरा आहे. १९६४ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड रॅडफर्ड आणि व्हिल्मा हंट यांनी सिगारेटच्या धुरात पोलोनियम-२१० असल्याचं दाखवलं. उगमही मनोरंजक आहे. फॉस्फेटच्या त्याच खडकात युरेनियम असतं. त्यातून रेडियम, रेडियमपासून रेडॉन वायू, रेडॉनपासून शिसं-२१० आणि त्यापासून पोलोनियम. थोडं मुळावाटे येतं, थोडं हवेतून पानावर बसतं, आणि तंबाखूच्या पानावर चिकट द्रव सोडणारी बारीक लव असल्यामुळे ते धुतलं जात नाही. पोलोनियमची मात्रा १३८ दिवसांत निम्मी होते, म्हणून पान वर्षभर मुरवलं की प्रश्न मिटेल असं वाटेल. पण शिशाची मात्रा निम्मी व्हायला बावीस वर्षं लागतात आणि ते पोलोनियम पुरवत राहतं. जळत्या टोकाच्या तापमानाला पोलोनियमची वाफ होते, ती धुराच्या कणांवर बसते आणि श्वासनलिका जिथे फुटतात त्या दुबेळक्यांवर साचते. तिथून ते अल्फा कण सोडतं, जे फार थोडं अंतर जातात पण त्या अंतरातल्या पेशींची धूळधाण करतात. कंपन्यांना हे ठाऊक होतं. पुढे न्यायालयीन लढायांत उघड झालेल्या कागदांत १९७८ ची फिलिप मॉरिसमधली एक टिपण आहे: आपलं संशोधन छापलं तर झोपलेला राक्षस जागा होईल, अशा अर्थाची.

तरीही 'गुप्तहेराचं विष' ही तुलना लबाडीची आहे. २००६ मध्ये लंडनमध्ये लिट्विनेंकोच्या पोटात गेलेली मात्रा आणि एका सिगारेटमधली मात्रा यांत अब्जावधी पटींचा फरक आहे. 'वर्षाला तीनशे एक्स-रे' हा आकडाही असाच फिरतो. तो १९८२ च्या एका पत्रातून आला, त्यात दिवसाला दीड पाकीट धरलं होतं आणि हिशेब श्वासनलिकेच्या त्या इवल्याशा दुबेळक्यापुरता होता. संपूर्ण शरीराच्या मात्रेत मोजलं तर पुढचे अंदाज कितीतरी खाली येतात. पोलोनियम निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही, ओढणाऱ्याच्या फुप्फुसात त्याचाही वाटा आहे. पण ते धुराचं प्रकरण आहे. महाराष्ट्रात किती लोक ओढतात? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार ३.८ टक्के. धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. चोवीस टक्क्यांच्या आजाराला चार टक्क्यांच्या भीतीने उत्तर देणं ही प्रचाराची सोय झाली. ज्याच्या गालात खर्रा आहे त्याला अणुशक्तीची भीती दाखवण्यापेक्षा, तू आज किती मायक्रोग्रॅम एनएनएन गिळलंस ते तुलाही कळू दिलेलं नाही, हे सांगितलेलं बरं.

माझी मागणी आहे ती चघळायच्या तंबाखूतल्या एनएनएन आणि एनएनकेला मर्यादा घालण्याची. आता तिच्यावरचा सगळ्यांत जड आक्षेप. मर्यादा घातली की कंपनी पुडीवर छापणार 'सरकारमान्य', आणि सोडू पाहणारा माणूस सोडणार नाही. हा आक्षेप कल्पनेतला नाही. 'लाइट' सिगारेटच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. फिल्टरला बारीक छिद्रं पाडून मशीनवर टार कमी दाखवला, ओढणाऱ्याने बोटांनी छिद्रं झाकून जास्त खोल झुरका घेतला, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी हा लोकांना फसवण्याचा प्रकार होता असा निकाल दिला. त्याहून वाईट म्हणजे मशीनवरचा टार खाली येत असताना तंबाखूच्या मिश्रणातलं नायट्रेट वाढत गेलं आणि धुरातलं एनएनके चढलं. एका आकड्याकडे बघत बसल्यावर दुसरा आकडा पाठीमागून वाढला.

या इतिहासातून मर्यादाच नको असा निष्कर्ष निघत नाही. चुकीची गोष्ट चुकीच्या जागी मोजली, एवढंच त्यातून निघतं. धूर मशीनवर मोजला की ओढणारा मशीनसारखा ओढत नाही, म्हणून फसवायला जागा राहते. चघळायच्या तंबाखूत छिद्रं कुठे पाडणार? पुडीतल्या एका कोरड्या ग्रॅममध्ये किती एनएनएन आहे हा आकडा माणसाच्या सवयीवर बदलत नाही. शिवाय धुरात जळण्यातून सत्तरएक कर्करोगकारकं येतात, त्यांतून एनएनके काढलं तरी बेन्झोपायरीन आणि बाकीची टोळी उरते, त्यामुळे सिगारेटला ही मर्यादा घालून फार काही साधणार नाही, हे मी सरळ कबूल करतो. चघळायच्या तंबाखूत जळणंच नाही. तिथे ही दोन नायट्रोसामाइन्स कर्करोगाच्या कारणांत अग्रभागी आहेत. म्हणून तिथे मर्यादा अर्थपूर्ण आहे. 'सरकारमान्य' छापण्याची भीती असेल तर मर्यादा पाळल्याचा उल्लेख पुडीवर करायलाच मनाई करा, चित्राचा इशारा आहे तसाच ठेवा. ब्रेक तपासून दिलेली गाडी सुरक्षित आहे असं जाहिरातीत सांगायला बंदी घालता येते, म्हणून ब्रेक तपासणं कोणी थांबवत नाही.

दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा, आणि तो मला जास्त सतावतो. टपरीवर डोळ्यांसमोर घोटलेला मावा, वजनावर विकली जाणारी सुट्टी तंबाखू, घरी भाजलेली मिश्री, यांची तपासणी कोण करणार? कोणीच नाही. पण टपरीवाला तंबाखू पिकवत नाही आणि आंबवतही नाही, तो ती ठरावीक वखारींतून आणि मोजक्या कारखान्यांतून घेतो. नायट्रोसामाइन तिथपर्यंत येण्याआधीच बहुतांशी तयार झालेलं असतं. नळ तिथे बंद करायचा. पान आंबवणाऱ्याने ते किती दमट ठेवावं, उष्णतेची प्रक्रिया करावी का, पुडीवर उत्पादनाची तारीख हवी का, या गोष्टी वखारीच्या दारात तपासता येतात. निपाणी किंवा आणंदच्या शेतकऱ्यावर याचा बोजा टाकायचंही कारण नाही. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतात कॅडमियमची मर्यादा लागू केली, ती खत विकणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर नाही. आपल्याकडे तसं झालं तर तंबाखूबरोबर भाताचं आणि पालकाचंही भलं होईल. पोलोनियमलाही त्याच खडकाची वाट असल्यामुळे खत बदलण्याचा थोडा फायदा तिथेही पोचेल.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये धूररहित तंबाखूत एनएनएनसाठी ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा प्रस्तावित केली. ती वर्षानुवर्षं प्रस्तावच राहिली, म्हणून आपणही थांबावं असं सुचवलं जातं. पण अमेरिकेत धूररहित तंबाखू घेणारे थोडे आहेत. जगातला हा बाजार मुख्यतः दक्षिण आशियात आहे. आपण कुणाची वाट पाहतोय?

आणि आपला कायदा काय म्हणतो ते वाचून पाहा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सातव्या कलमाचं पाचवं पोटकलम सांगतं की सिगारेट किंवा इतर तंबाखू उत्पादनाच्या प्रत्येक वेष्टनावर निकोटीन आणि टार यांचं प्रमाण आणि त्यांच्या कमाल मर्यादा छापाव्यात. वीस वर्षं उलटली तरी ते आकडे पुडीवर आलेले नाहीत, ही झाली नेहमीची तक्रार. माझी तक्रार त्याआधीची आहे. टार जळण्यातून तयार होतो. खैनीत, जर्द्यात, मिश्रीच्या डबीत टार मोजायला बसलात तर मोजणार काय? ज्या राज्यात तंबाखू घेणारे बहुतेक लोक ती चघळतात किंवा घासतात, तिथे कायद्याने मागितलेल्या दोन आकड्यांपैकी एक त्यांच्या पुडीत संभवतच नाही, आणि त्यांचा जीव घेणारा आकडा कायद्यात नाही. तंबाखू तपासणारी सरकारी प्रयोगशाळा मुंबईत आहे, नोएडात आहे, गुवाहाटीत आहे. कलमातला 'टार' हा शब्द धूररहित मालापुरता काढून तिथे 'एनएनएन आणि एनएनके' एवढं लिहिलं आणि आकडा दोन मायक्रोग्रॅम ठरवला, तर पुढच्या हंगामातलं पान कुठे नेऊन तपासायचं हा प्रश्न निदान उरणार नाही.